वेस्ट इंक पॅड भरलाय म्हणे: सेंटरला न्यायचा, रीसेट मारायचा, बाटली लावायची की प्रिंटरच बदलायचा?

रात्री साडेदहाला सहामाहीचे पेपर काढायला बसलो आणि प्रिंटरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले, स्क्रीनवर मेसेज की इंक पॅडचं आयुष्य संपलंय, सर्व्हिस सेंटरशी संपर्क करा. टाक्या चारही भरलेल्या, कागद भरलेला, दुपारपर्यंत प्रिंट एकदम कडक येत होती. बंद करून चालू केला, वायर काढून लावली, तरी तेच. बायकोचे क्लासेस आहेत, सकाळी सातला पोरं येणार आणि पेपर मशीनमध्ये अडकलेला. हे तुमच्याकडे झालं असेल किंवा "लवकरच भरेल" असा इशारा यायला लागला असेल तर पुढचं वाचा, मी यातले तीन रस्ते स्वतः तुडवलेत आणि चौथा मेहुण्याने. माझ्या प्रिंटरची कंपनी मुद्दाम लिहीत नाही कारण हा प्रकार कमीजास्त सगळ्याच इंकजेटमध्ये आहे. एप्सनच्या एल सिरीजला A printer's ink pad is at the end of its service life असं येतं, कॅननला 5B00 किंवा छोट्या डिस्प्लेवर P07, अर्थ एकच.

आधी हा मेसेज ज्या काउंटरमुळे येतो तो काउंटर म्हणजे काय ते, कारण इथेच बहुतेक जण फसतात. प्रिंटर हेड क्लीनिंग करतो तेव्हा हेडखाली एक रबरी टोपण येतं आणि खालचा छोटा पंप नोझलमधून शाई ओढून घेतो. ही ओढलेली शाई परत टाकीत जात नाही, एका बारीक नळीतून मशीनच्या मागच्या किंवा तळाच्या कप्प्यात जाते आणि तिथे फेल्टच्या जाड गाद्या बसवलेल्या असतात त्या ती पिऊन घेतात. तोच वेस्ट इंक पॅड. पहिल्यांदा शाई भरतो तेव्हाही बरीच शाई तिकडे जाते, आणि कडेपर्यंत फोटो छापता ना, बॉर्डरलेस, त्यात कागदाबाहेर उडालेली शाई प्लॅटनखालच्या, म्हणजे हेडसमोर कागद जिथून सरकतो त्या पट्टीखालच्या वेगळ्या गादीत जाते. म्हणून बऱ्याच मशीनमध्ये काउंटरही दोन असतात, एक मेन पॅडचा आणि एक प्लॅटन पॅडचा.

आता गंमत अशी की गादी किती ओली झालीय हे बघणारं काहीच आपल्या साध्या घरगुती प्रिंटरमध्ये नसतं. काउंटर म्हणजे मशीनच्या मेमरीत लिहिलेला एक आकडा. प्रत्येक क्लीनिंगला ठरलेले पॉइंट मिळवायचे, मोठ्या क्लीनिंगला जास्त, छोट्याला कमी, आणि बेरीज ठरलेल्या हद्दीपर्यंत गेली की मशीन बंद. किराणावाल्याच्या उधारीच्या वहीसारखं, साखर घरात आहे का संपली ते वहीला माहीत नसतं. शाईत बहुतेक भाग पाणी असतं, ते उन्हाळ्यात उडूनही जातं, आमच्या मंगळवेढ्यात एप्रिलमध्ये तर ओलं फडकं अर्ध्या तासात कडकडीत होतं. मी पुढे स्वतः पॅड उघडला तेव्हा नळी पडते तिथली गादी डांबरासारखी चिकट काळी होती आणि लांबच्या कोपऱ्यातला तुकडा जवळपास पांढरा. म्हणजे वही शंभर टक्के म्हणत होती आणि कोपरा कोरडा. पण यावरून "कंपनी उगाच फसवते" असा अर्थ काढू नका बरं का, कारण ही वही नसती तर एक दिवस शाई गादीतून ओघळून टेबलावर, नाहीतर आतल्या वायरींवर आली असती. हद्द थोडी अलीकडे धरलेली असावी असं मला वाटतं, खोटी नाही.

तर पहिला रस्ता, ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटर. वॉरंटीत असाल तर दुसरा विचारच करू नका, सरळ तिकडे जा, उघडलेल्या मशीनला वॉरंटी राहत नाही. ते लोक गाद्या बदलतात आणि आकडा शून्यावर आणतात, दोन्ही एकत्र, आणि खरं काम हेच आहे. मी २०२२ मध्ये पहिल्यांदा हेच केलं. तिथल्या माणसाने काम चोख केलं, पैसेही वाजवी घेतले, त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही.

तक्रार आहे ती रस्त्याबद्दल. आमच्यापासून जिल्ह्याचं ठिकाण पन्नासेक किलोमीटर, आणि टाकीवाला प्रिंटर म्हणजे भरलेली घागर. कार्ट्रिजवाला होता तेव्हा पिशवीत घालून नेला तरी चालायचं. टाकीवाल्याच्या बाजूला चार टाक्या, तिथून हेडपर्यंत बारीक नळ्या आणि त्या नळ्यांत शाईची सलग धार, ती धार तुटली की संपलं. काही जुन्या मॉडेलला टाकीच्या बाजूला शाई बंद करायची एक खिट्टी असते, वाहतुकीच्या वेळी ती फिरवायची. माझ्या मशीनला ती नाही. मी आपला खोक्यात थर्माकोल लावून, टाक्यांची झाकणं घट्ट बघून, एसटीत मांडीवर घेऊन बसलो. जाताना मांडीवर होता म्हणून ठीक गेलं. येताना गाडीला गर्दी, कंडक्टर म्हणाला काका खोकं वर ठेवा, उभं राहायला जागा नाही. वरच्या रॅकवर ते आडवं मावेना, मग तिरकं झालं, आणि त्यात आमचे रस्ते.

घरी येऊन लावला तर नोझल चेकमध्ये पिवळा पूर्ण गायब आणि गुलाबीच्या रेघा तुटक. नळीकडे टॉर्च मारून बघितलं तर पिवळ्या नळीत हवेचे लांब लांब बुडबुडे, ट्यूबलाइटसारखे. मग काय, क्लीनिंग. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, मधे रात्रभर तसाच ठेवला, परत चौथं. शेवटी पॉवर क्लीनिंग करावं लागलं, म्हणजे नळ्यांतली सगळी शाई ओढून नवी भरायची, त्याला प्रत्येक टाकी किमान एकतृतीयांश भरलेली लागते नाहीतर उलट हवाच ओढली जाते. पिवळा आला. पण ती सगळी ओढलेली शाई कुठे गेली? नव्या कोऱ्या पॅडमध्ये. नंतर युटिलिटीने काउंटर वाचला तर मेन पॅड १४ टक्के. म्हणजे पॅड बदलून आणायला गेलो आणि आणण्याच्या प्रवासानेच पॅडचा सातवा हिस्सा खाल्ला, वर टाकीतली शाई गेली ती वेगळी. इथेच माझं ठरलं. खर्च, वेळ, हेलपाटा हे सगळं एकवेळ चालेल, पण पॅडसाठी केलेला प्रवास पॅडच भरतो हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

तुमच्या गावातच सेंटर असेल, रिक्षाने दहा मिनिटांवर, किंवा त्यांचा माणूस घरी येत असेल, तर माझा हा मुद्दा तुम्हाला लागूच नाही, खुशाल तिकडे जा. फोन करून आधी एवढंच विचारा की गाद्या बदलणार का फक्त आकडा उतरवणार, आणि मशीन ठेवून घेणार का समोर करून देणार.

दुसरा रस्ता म्हणजे नुसता रीसेट. हा सगळ्यात लोकप्रिय, कारण बाजारपेठेत कोणत्याही कॉम्प्युटरवाल्याकडे जा, पोरगं म्हणतं, "सर पॅडचं काय नसतं, रीसेट मारतो, दोन मिनिटं." आणि खरंच दोन मिनिटांत मशीन चालू होतं. पण त्याने काय केलं, तर उधारीची वही फाडली. गादी तिथेच, तेवढीच ओली, आणि आता नव्याने शंभर टक्के होईपर्यंत मशीन एक शब्द बोलणार नाही. एकदा केलं तर बहुतेक वेळा निभावतं, कारण वर म्हटलं तसं कोपरे कोरडे असतात. दोनदा केलं की काय होतं ते मेहुण्याकडे बघितलं. त्याचं झेरॉक्सचं दुकान, दिवसभर प्रिंट, त्याने दोन वेळा पॅडला हात न लावता रीसेट मारून घेतला. एक दिवस फोन, "दाजी, मशीनखालनं काळं पाणी येतंय." दुकानाच्या टेबलाचा सनमायका, खालचे लोकांचे फॉर्म, सगळ्यावर डाग, आणि हा रंग लिंबू, साबण, स्पिरिट कशालाच ऐकत नाही. प्रिंटर उचलला तर तळाला शाईचं तळं. आत शॉर्ट झालं नाही हे नशीब.

रीसेटच्या सॉफ्टवेअरबद्दलही थोडं सांगतो. एप्सनसाठी ते अॅडजस्टमेंट प्रोग्राम म्हणून जे फिरतं ते मुळात सर्व्हिसवाल्यांसाठीचं, बाहेर फुटलेलं. व्हिडिओखालच्या लिंकवरून उतरवायचं, झिप उघडायला पासवर्ड, आणि वर "आधी अँटीव्हायरस बंद करा" अशी सूचना. ज्या कॉम्प्युटरवर तुमचं नेटबँकिंग आहे त्यावर हे करू नका, एवढंच म्हणेन. त्यापेक्षा विकतची "की", म्हणजे रीसेटचा कोड, घेऊन चालणाऱ्या युटिलिटी बऱ्या, WIC Reset Utility हे त्यातलं माहितीतलं नाव. त्यात Read waste counters हे फुकट आहे, आणि हीच माझ्या मते तिची सगळ्यात कामाची गोष्ट. पैसे द्यायच्या आधी यूएसबी वायर लावून (वायफायवर नको) काउंटर वाचून बघा. टक्के दिसले तर मशीन तिला ओळखतंय. दिसलेच नाहीत किंवा एरर आला तर की घेऊ नका, सगळ्या मॉडेलना ती चालत नाही. की एकदाच वापरायची असते, नेट चालू लागतं, आणि रीसेट झाल्यावर मशीन त्याच्या बटणाने बंद करून परत चालू करायचं. अमेरिका-कॅनडात एप्सनने स्वतःच एकदा वापरायची फुकट रीसेट युटिलिटी दिलेली आहे, तिकडे कोणी नातेवाईक अडकला असेल तर त्याला सांगा, विंडोजवर चालते.

तर नुसता रीसेट हा माझ्या मते एका रात्रीचा उपाय. उद्या सकाळी पेपर हवेत, मारा रीसेट, काढा पेपर, पण त्या आठवड्यात पॅडचं काहीतरी करा.

तिसरा रस्ता मी आता वापरतोय तो. रीसेट करायचा, पण त्यासोबत शाई मशीनबाहेर काढायची. दुसऱ्यांदा मेसेज आला २०२४ मध्ये, पहिल्यासारखी चार वर्षं पुरली नाहीत, दोनच वर्षांत भरला (त्यातले १४ टक्के कुठे गेले ते तुम्हाला माहीत आहेच). या वेळी मशीन टेबलावरून हललंच नाही पाहिजे असं ठरवून बसलो.

माझ्या मॉडेलमध्ये मागच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण आहे, एक स्क्रू, तो काढला की पॅडचा प्लॅस्टिकचा ट्रे बाहेर सरकतो आणि त्याला पंपाकडून आलेली नळी जोडलेली असते. टाकीवाल्या बऱ्याच मशीनमध्ये असंच असतं, पण सगळ्यांत नाही, काहींमध्ये गाद्या तळात असतात आणि तिथे पोचायला स्कॅनरपासून सगळं खोलावं लागतं. तुमचं तसं असेल तर हा रस्ता घरी करण्यातला नाही, पुढे जा. हातमोजे घाला, खाली जुना पेपर नको, प्लॅस्टिकचा कागद घाला, पेपरमधून शाई खाली उतरते. ट्रेमधले गादीचे तुकडे कुठला कुठे ते काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सगळे वेगवेगळ्या मापाचे असतात आणि परत बसवताना कोडं होतं. मी गाद्या बादलीत धुतल्या, पाणी नितळ यायला बारा-तेरा बादल्या लागल्या, आणि मोरीत धुतल्याबद्दल जे ऐकावं लागलं ते वेगळंच. गच्चीवर दोन दिवस वाळवल्या. पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नका, ओली गादी म्हणजे भरलेलीच गादी. धुवायचा कंटाळा असेल तर तयार गाद्याही ऑनलाइन मिळतात, मॉडेल बघून घ्या.

बाटलीसाठी नळी मी औषधाच्या दुकानातून सलाईनचा सेट आणून त्यातली वापरली, माझ्या नळीला ती घट्ट बसली, तुमचं माप बघून घ्या. ट्रेकडे जाणारी नळी काढायची, तिला ही जोडायची आणि मागच्या फटीतून बाहेर काढून अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीत सोडायची. इथे दोन चुका होतात, एक मी केली. मी झाकणाला नळीच्या मापाचं भोक पाडलं आणि डिंकाने बंद करून टाकलं, म्हणजे सांडायला नको. दोन क्लीनिंगनंतर प्रिंटमध्ये रंग एकमेकांत मिसळायला लागले, पिवळ्यात काळपट छटा. कारण बाटलीतली हवा बाहेर जायला जागाच नाही, पंप ढकलतो पण शाई पुढे सरकत नाही, हेडच्या टोपणात तशीच साचते आणि नोझलला लागते. झाकणाला दुसरं बारीक भोक पाडलं, कापसाने टोपणातली शाई टिपली, झालं सरळ. दुसरी चूक म्हणजे बाटली प्रिंटरच्या बरोबरीने किंवा उंच ठेवणं. ती टेबलाखाली हवी, नळीला कुठे पीळ नको, आणि नळीचं टोक शाईत बुडू देऊ नका, वरच राहू द्या. घरात लहान मूल असेल तर बाटली खोक्यात घालून वर "शाई" लिहा, लांबून ती जांभळाच्या सरबतासारखी दिसते.

हे करूनही काउंटर काही थांबत नाही हे लक्षात ठेवा. मशीनला बाटलीचा पत्ताच नाही, ते आपलं पॉइंट लिहीतच राहणार आणि शंभर झाले की परत बंद पडणार, म्हणजे की परत घ्यावी लागणार. तेवढी कटकट राहतेच. आणि बॉर्डरलेस फोटोंची शाई या नळीतून येत नाही, ती प्लॅटनखालच्या गादीतच जाते, त्यामुळे फोटोचं काम जास्त असेल तर बाटली अर्धंच उत्तर आहे. आम्ही पेपर आणि वर्कशीट छापतो, कडेला समास असतोच, म्हणून आम्हाला जमलं.

पण मला हे का आवडतं, तर दिसतं. इतकी वर्षं एक आकडा सांगायचा आणि मी विश्वास ठेवायचो. आता वाकून बाटलीकडे बघतो. सव्वा वर्षात दोन-अडीच बोटं शाई जमलीय, आणि युटिलिटीत काउंटर म्हणतो ४० टक्के. रीसेट मारायची वेळ येईल तेव्हा मन खाणार नाही, कारण आतली गादी कोरडी आहे हे मला माहीत आहे. शिवाय कुठल्या गोष्टीने शाई वाया जाते तेही दिसायला लागलं. लाइट गेली की दुसऱ्या दिवशी बाटलीत भर पडलेली असायची. प्रिंटर छापता छापता बंद पडला की हेड टोपणावर येऊन बसत नाही, उघडं राहतं, आणि पुन्हा चालू झाल्यावर मशीन आपणहून सफाई करून घेतं. भिंतीवरच्या बटणाने बंद करायची सवय असेल तर तेच होतं. आता प्रिंटर इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे आणि बंद करायचा तो त्याच्याच बटणाने, बाटलीत भर पडणं निम्म्याने तरी कमी झालंय, मोजलेलं नाही, डोळ्यांचा अंदाज.

चौथा रस्ता नवा प्रिंटर, पण असा ज्यात पॅड आपण बदलू शकतो. मेंटेनन्स बॉक्स म्हणतात त्याला, कॅनन मेंटेनन्स कार्ट्रिज म्हणतं. एप्सनच्या L6160, L6190 वगैरेंना T04D1 लागतो, कॅननच्या G2020, G3020 ला MC-G02. भरला की मागचं झाकण उघडायचं, जुना ओढायचा, नवा ढकलायचा, एक मिनिट. त्यातही मोजणी अंदाजाचीच असते, पण ती त्या डब्यापुरती, डबा बदलला की हिशोब नव्याने सुरू, की नको, सेंटर नको, एसटी नको. नवा घेणारच असाल तर निव्वळ शाईच्या बाटलीची किंमत बघू नका, या डब्याची किंमत आणि तो तुमच्याकडे मिळतो का ते आधी बघा. चालू प्रिंटर फक्त पॅडसाठी टाकून देणं मात्र मला पटत नाही, हेड ठणठणीत आहे, टाक्यांत शाई आहे.

अर्थात दिवसाला शंभर-दोनशे प्रिंट काढणाऱ्याला माझ्या बाटलीचा सल्ला मी देणार नाही. मेहुण्याने त्या काळ्या पाण्यानंतर बॉक्सवालाच घेतला आणि दुकानाला तेच बरोबर आहे, गिऱ्हाईक समोर उभं असताना की विकत घेत कोण बसणार. त्याचा जुना गळका त्याने आमच्याकडे आणून टाकलाय, "दाजी, तुम्हाला बाटल्या लावायची हौस आहे ना" म्हणून. स्कूटीवर पायाशी उभा करून आणला, त्यामुळे नळ्यांत हवा किती असेल देव जाणे. गाद्या सध्या गच्चीवर वाळतायत, या वेळी मोरीत नाही, मागच्या नळावर धुतल्या.